मूक संमती आणि अबोल संकेत

राज्याचे नियम माणसाचे स्वातंत्र्य संकुचित करतात. तरीही तो ते मानतो, कारण त्याने स्वतःच त्यांना संमती दिलेली असते, हे सामाजिक कराराच्या उपपत्तीचे सार होय. परंतु अशी संमती देताना बहुतेकांना कोणी पाहिलेले नसते. जॉन लॉकने १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासनविषयक दोन प्रबंधांपैकी दुसऱ्या प्रबंधात ही अडचण 'मूक संमती'च्या कल्पनेने दूर करू पाहिली. जो एखाद्या राज्यात जमीन बाळगतो, आठवडाभर मुक्काम करतो किंवा नुसता हमरस्त्याने जातो, त्याने तेथील कायद्यांना न बोलता संमती दिली, असे तो मानतो.

येथे 'संमती' या शब्दाचा अर्थच निसटतो. पंगतीत वाढपी 'आणखी हवे काय?' असे विचारतो, तेव्हा जेवणारा पानावर हात आडवा धरू शकतो. म्हणूनच हात न धरणे ही संमती ठरते. मौनाला अर्थ येण्यासाठी प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि नकाराची वाट मोकळी पाहिजे. रस्त्याने चालणाऱ्याला कोणी काही विचारलेलेच नसते. डेव्हिड ह्यूमने १७४८ मधील निबंधात नेमके हेच दाखविले. परक्या देशाची भाषा व रीतिरिवाज न जाणणारा, रोजच्या तुटपुंज्या कमाईवर जगणारा शेतकरी देश सोडण्यास मोकळा आहे असे म्हणणे, म्हणजे झोपेत जहाजावर नेलेल्या मनुष्याने समुद्रात उडी घेतली नाही, म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असे म्हणणे होय.

मग नियम पाळले जातात कशामुळे? ह्यूमचे उत्तर त्याच्या १७४० मधील विवेचनात आढळते. दोन माणसे एकमेकांस वचन न देताही एका लयीत नाव वल्हवितात. एकाने हात थांबविला, तर दोघांचेही नुकसान होते. भाषाही अशाच संकेतांनी, कोणत्याही वचनावाचून, हळूहळू रूढ झाली, असे तो म्हणतो. हा दृष्टान्त करारवादाच्या मुळावरच येतो. वचन देण्यास शब्द लागतात, आणि शब्दाने माणूस बांधला जातो हाही एक नियमच आहे. तेव्हा सर्व नियमांचा उगम करारात शोधणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणे होय.

तथापि ह्यूमच्या नावेतील दोघांचा लाभ सारखा आहे, ही त्या दृष्टान्ताची मर्यादा होय. बोलीभाषक मुलगा शाळेत प्रमाण रूपे उचलतो, ती परस्परांस समजावे म्हणून की हसे होऊ नये म्हणून? पहिल्या कारणाने पाळलेला नियम संकेत होय. दुसऱ्यात दंडाचे भय मिसळलेले आहे. वरून दोन्ही पालने सारखीच दिसतात. म्हणून नियम कसा टिकतो हे संकेताने उलगडते. तो कोणाच्या सोयीचा आहे, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहतो. करारवादाने मूक संमती कल्पून जो प्रश्न मिटविला, तो हाच.