रेनकोट कुणाचा?

मागल्या अंकातली रेनकोटाची कथा मी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात गळा दाटला. दुसऱ्या वाचनात राग आला. तो का आला ते सांगतो.

जूनमधला शाळेचा पहिला दिवस. बाहेर धो धो पाऊस. पहिलीतलं पोरगं शेजारच्या मावशीचा रेनकोट घालून निघतं. मावशी महापालिकेत झाडूवाली. रेनकोट कामावर मिळालेला, पाठीवर खात्याची अक्षरं. पोराला वाचता येत नाही, पण आपल्या पाठीवर अक्षरं आहेत याचाच त्याला केवढा रुबाब! शाळेच्या व्हरांड्यात चौथीतली पोरं ती अक्षरं मोठ्यानं वाचतात, आणि जात न विचारता सगळ्यांना कळते. इथे कथाकाराला मानलं. एका शब्दाचंही भाषण नाही.

बाह्यांचंही त्यानं नेमकं टिपलंय. मोठ्या माणसाची बाही पोराला तीनदा दुमडावी लागते. त्या दुमडीत पाणी साचतं. बाईंनी नाव घेतल्यावर पोरगं 'हजर' म्हणून हात वर करतं आणि सगळं पाणी शेजारच्याच्या पाटीवर. पुसला गेला त्याचा 'श्री'. हे खुर्चीत बसून सुचत नाही राव, असा कोट अंगावर वागवावा लागतो.

मग बिघडलं कुठं? शाळा सकाळची, सात वीसची. झाडूवाली त्याच्याही आधी हजेरीवर असते. म्हणजे ज्या घटकेला पोरगं कोरडं चाललंय, त्याच घटकेला मावशी रस्त्यावर भिजतेय. कथाकार तिला एक वाक्य देतो: "मावशी गोणपाटाची खोळ घेऊन गेली." बस्स. पुढे ती कथेत नाहीच. उसन्या वस्तूच्या कथेत वस्तू देणारा माणूसच गायब! गोणपाट भिजलं की पाण्यानं जड होतं, मानेवर ओझं बसतं, पाठ थंड पडते. तशात कचऱ्याची गाडी ढकलायची. आणि गणवेशातला रेनकोट अंगावर का नाही, असं मुकादमानं विचारलं तर ती काय सांगणार? कथाकाराला हा प्रश्न पडला नाही.

गोणपाट म्हटलं की आपल्याला दुसरंही आठवतं. बाबासाहेबांना लहानपणी शाळेत बसायला स्वतःचं गोणपाट घरून न्यावं लागे. इथं पोराच्या अंगावर रेनकोट आलाय, पण गोणपाट वस्तीतून गेलेलं नाही, ते मावशीच्या डोक्यावर गेलंय. एवढं हाताशी असून लेखकानं सोडलं.

त्याऐवजी शेवट काय? बाईंना दया येते, त्या आपल्या मुलाचा जुना, मापाचा रेनकोट देतात, पोरगं हसतं. म्हणजे एक उसना कोट गेला, दुसऱ्याचा उतरलेला आला. वर पाठीवरची अक्षरंही गेली, ज्यांनी कथा उभी केली होती.

मी त्याला भेटून सांगितलं, शेवटचं पान फाड. दुपारी मावशी ओलीचिंब होऊन दारात येते आणि कोट परत मागते, तिथून पुढं लिही. तो म्हणाला, "अरे, पण पोरगं तो द्यायला तयार नसेल." मी म्हटलं, मग तेच लिही ना.