सोपं काय, यापेक्षा बाहेर काय नेता येतं?

ओढून-सोडून वेबसाइट बनवायची, म्हणजे विक्ससारखं साधन घ्यायचं, की वर्डप्रेस, या वादात ‘सोपं कोणतं’ एवढंच विचारलं जातं. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. सोपेपणा पहिल्या आठवड्यात कळतो, पण चार वर्षांनी जागा बदलायची वेळ आली तर काय?

विक्सवर केलेली साइट विक्सच्याच सर्व्हरवर चालते. ती उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. मजकूर कॉपी करून न्यायचा आणि मांडणी पुन्हा करायची. वर्डप्रेसमध्ये `Tools → Export` केलं की लेख, पानं आणि प्रतिक्रिया यांची एक फाइल मिळते. इथे वर्डप्रेसचे भक्त खूश होतात, पण जरा थांबा. त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त फोटोंचे पत्ते असतात. नव्या ठिकाणी आयात करताना फोटो जुन्या साइटवरून खाली उतरवले जातात. म्हणजे जुनं होस्टिंग आधीच बंद केलं, तर फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी! आणि साइट डब्ल्यूपीबेकरीसारख्या पेज-बिल्डर प्लगिनने रचली असेल, तर तो प्लगिन बंद करताच पानावर `[vc_row]` अशी कंसांची रांग दिसू लागते. मग वर्डप्रेस घेऊनही माणूस अडकलेलाच राहिला की!

आता चिपळूणजवळचा एक होमस्टे धरू. खोल्या, दर, जेवण, कसं यायचं, संपर्क, अशी पाच पानं. वर्षातून दोनदा दर बदलायचे, बस्स. इथे मी बिनधास्त विक्सच म्हणेन. पाच पानं पुन्हा टाइप करायला फार तर एक दिवस जाईल. त्या एका दिवसाच्या भीतीपोटी प्लगिनचे अपडेट आणि बॅकअप वर्षानुवर्षं सांभाळत बसायचं कशाला?

पण तीच मालकीण दर आठवड्याला आसपासच्या जागांवर लिहू लागली, तर वर्षात पन्नास लेख होतात आणि पाहुणे गुगलवरून त्या लेखांवर येऊ लागतात. आता जपायचे असतात ते लेखांचे पत्ते. विक्सवर लेखाच्या पत्त्यात सहसा `/post/` असतं. जागा बदलली आणि प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावला नाही, तर गुगलवरून आलेल्या माणसाला ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसतं. असं लिखाण करायचा विचार पक्का असेल, तर पहिल्या दिवसापासून वर्डप्रेस घ्यावं, आणि तेही त्याच्या मूळ ब्लॉक एडिटरमध्येच लिहावं.

दोन्हींत डोमेन मात्र वेगळ्या रजिस्ट्रारकडे, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्यावं. साइट करून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर ते घेतलेलं असेल आणि त्याने फोन उचलणं बंद केलं, तर तुमच्या हातात फाइल असो वा नसो, दुकानाची पाटीच दुसऱ्याच्या ताब्यात असते.