खिडकीची दिशा सांगणारं पत्र

‘दादांना विचारूनच हे पत्र लिहितो आहे. त्यांनीही ते वाचावं आणि आजींना मोठ्याने वाचून दाखवावं.’

इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या एका माणसाला फुफ्फुसाचा क्षय झाला. बेडक्यात जंतू सापडले, म्हणजे तो खोकला की जंतू हवेत जाणार हे नक्की झालं. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी घरच्यांना वहीच्या दोन पानांवर पत्र लिहिलं. ओळख पटू नये एवढी काळजी घेऊन त्यावर लिहायला घरच्यांनी मला परवानगी दिली. घरात पाच माणसं आहेत. रुग्ण, त्याची बायको, आई, अकरा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. खोल्या दोनच.

वर दिलेली पत्राची पहिली दोन वाक्यं मला फार मोलाची वाटतात. आजार हा रुग्णाचा स्वतःचा तपशील आहे आणि तो त्याच्या संमतीनेच घरात सांगितला जातो आहे, हे डॉक्टर सगळ्यात आधी नोंदवतात. आईला पत्र वाचून दाखवायचं कामही त्यालाच देतात. ज्याच्यापासून घर जपायचं, त्याच्याच हातात सूचना येतात. पुढे त्याच्याबद्दल बोलताना डॉक्टर ‘रुग्ण’ असा शब्द एकदाही वापरत नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो ‘दादा’च राहतो.

दुसऱ्या परिच्छेदात थेट भांडी येतात. ‘ताट, तांब्या, अंथरूण वेगळं करू नका. एकाच घासणीने घासा, एकाच बादलीत कपडे भिजवा. ताटातून क्षय होत नाही. तो श्वासातून होतो.’ घरोघरी पहिली कृती उलटी होते, म्हणजे ताट वेगळं काढलं जातं आणि खिडकी मात्र बंद राहते, हे डॉक्टरांना अनुभवाने ठाऊक असणार. म्हणून काय करायचं ते सांगण्याआधी त्यांनी नको असलेलं काम काढून घेतलं. भीती किती हवी यापेक्षा ती कुठे हवी हे त्यांना आधी ठरवायचं आहे. माझ्या मते साऱ्या पत्राचा भार याच जागेवर तोललेला आहे.

मग हवा येते, आणि इथे डॉक्टर सावकाश होतात. खोकताना उडणारे मोठे थेंब लवकर खाली पडतात. बारीक थेंबांतलं पाणी मात्र क्षणात उडून जातं आणि उरलेले जंतू असलेले सूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. तेच कण फुफ्फुसात खोलवर पोचतात. विसाव्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयाच्या वॉर्डातली हवा वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली होती. ते प्राणी रुग्णाच्या जवळपासही नव्हते. तरी नुसत्या हवेने त्यांना लागण झाली. तीच हवा अतिनील किरणांतून नेल्यावर मात्र लागण टळली. डॉक्टर या प्रयोगाचं नाव घेत नाहीत, पण त्यांच्या सूचना त्यातूनच आलेल्या आहेत.

आणि त्या किती नेमक्या आहेत! ‘हवेशीर जागी ठेवा’ एवढं कोणीही लिहील. इथे लिहिलंय, ‘बाहेरच्या खोलीची खिडकी दक्षिणेला आहे, दार समोर उत्तरेला. दोन्ही दिवसरात्र उघडी. दादांची कॉट खिडकीखाली. टेबलफॅन दाराकडे ठेवायचा आणि त्याचं तोंड खिडकीकडे करायचं, म्हणजे वारा तुमच्याकडून दादांकडे आणि तिथून बाहेर जाईल. बोलत बसायचं तर दाराच्या बाजूला बसा.’ पुढची ओळ याहून सुंदर आहे. ‘दादा अंगणात असताना एक उदबत्ती लावून दाराशी धरा. धूर खिडकीतून बाहेर गेला तर ठीक. आतच घुटमळला किंवा उलटा आला तर मला सांगा, कॉट हलवू.’ हवा दिसत नाही, म्हणून सूचना पाळली गेली की नाही हे घराला कळत नाही. डॉक्टरांनी ते कळायचं साधन देव्हाऱ्यातूनच उचललं. वायुवीजन तपासणारे तज्ज्ञ धुराची नळी वापरतात, तीच ही पद्धत.

मास्कबद्दल एकच सूचना आहे. ‘मास्क दादांनी लावायचा, तुम्ही नाही.’ कारणही लगेच दिलंय. थेंब तोंडातून निघताना मोठे असतात, तिथे साधा तीन पदरी मास्कही त्यांना अडवतो. ते सुकून बारीक झाल्यावर इतरांच्या साध्या मास्कच्या कडेने आत शिरतात. रात्री झोपताना बायकोने आणि मुलांनी आतल्या खोलीत झोपावं, बेडका झाकणाच्या डब्यात घ्यावा, डब्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी असावं, हे सारं डॉक्टरांनी पटापट उरकलं आहे. तेही बरोबरच आहे, कारण त्यात समजावण्यासारखं फारसं नाही.

पत्राचा गाभा मला पुढच्या भागात सापडतो. तिथे डॉक्टर काळाबद्दल बोलतात. ‘दादा तीन महिने खोकत होते. ज्यांना लागण व्हायची त्यांना ती बहुधा त्या काळात होऊन गेली असेल. त्यात कोणाची चूक नाही, कारण कोणाला माहीत नव्हतं. गोळ्या सुरू झाल्यावर जंतू फार लवकर कमी होतात. पहिले दोन आठवडे खबरदारी कडक ठेवा.’ क्षयाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच. निदान झालं की घर हादरतं आणि माणसाला दूर लोटतं. पण निदान होऊन योग्य औषध सुरू झालं की त्याच्यापासूनचा धोका उतरणीला लागतो. खरा धोका होता तो सगळे शेजारी बसून जेवत असलेल्या त्या नकळत्या महिन्यांत. डॉक्टर हे सांगतात, पण आरोप म्हणून नाही. ‘कोणाला माहीत नव्हतं’ या तीन शब्दांनी बायकोच्या आणि आईच्या मनावरचं ओझं उतरत असेल.

या म्हणण्यामागे भारतातलाच पुरावा आहे. 1956 साली मद्रासला क्षयाच्या औषधोपचारावर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. तिथे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एक गट सॅनिटोरियममध्ये, जिथे विश्रांती आणि चांगलं जेवण होतं. दुसरा आपल्याच गजबजलेल्या, गरीब घरात. औषध दोघांना तेच. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले. आणि घरी उपचार घेणाऱ्यांच्या नातेवाइकांत क्षयाचं प्रमाण दुसऱ्या गटातल्या नातेवाइकांपेक्षा वाढलं नाही. 1959 पासून हे निष्कर्ष छापून येऊ लागले आणि जगभर घरी राहूनच उपचार करण्याची रीत रुळली. इचलकरंजीतल्या या दोन खोल्यांत दादांना ठेवायचं धाडस त्या संशोधनावर उभं आहे.

मात्र डॉक्टर दोन आठवड्यांना जादूची रेघ मानत नाहीत. लगेच पुढे लिहितात, ‘हे गोळ्या रोज घेतल्या तर आणि जंतू त्या गोळ्यांना दाद देणारे असतील तर. दादांच्या बेडक्याची तपासणी झाली आहे, रिफाम्पिसिनला दाद न देणारे जंतू त्यात नाहीत.’ औषधाला न जुमानणारा क्षय असता तर हा सगळा हिशोब बदलला असता आणि कडक खबरदारी लांबली असती. अट लपवली असती तर वाक्य अधिक गोड झालं असतं, पण घराची फसवणूक झाली असती.

सगळ्यात कडक सूर लागतो तो तीन वर्षांच्या मुलासाठी. ‘बाळाला उद्याच घेऊन या. परवा नको.’ पाच वर्षांखालच्या मुलाला लागण झाली तर आजार लवकर उफाळतो, मेंदूच्या आवरणापर्यंतही जातो. म्हणून आधी तपासून आजार नाही याची खात्री करायची आणि मग वजनाप्रमाणे आयसोनियाझिडची गोळी सहा महिने रोज द्यायची. ‘बाळ ठणठणीत दिसत असलं तरीही. ही गोळी आजार बरा करायला नाही, तो होऊ नये म्हणून आहे,’ असं डॉक्टर लिहितात. निरोगी मुलाला सहा महिने औषध कशाला, हा आजीचा प्रश्न त्यांना आधीच ऐकू आला असावा. मोठ्यांचीही तपासणी सांगितली आहे, पण तिला ‘या आठवड्यात’ अशी मुदत आहे. ‘उद्या’ आणि ‘या आठवड्यात’ यांतल्या फरकातून कोण किती नाजूक आहे ते आकडे न देता कळतं.

शेवटाकडे एक लहानशी ओळ आहे. ‘लघवी केशरी होईल, घाबरून गोळ्या थांबवू नका. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी या.’ रिफाम्पिसिनमुळे लघवीचा रंग बदलतो, त्यात अपाय काही नाही. पण अनेक जण तो पाहून औषध सोडतात. घाबरायचं नाही ते आणि घाबरायचं ते, दोन्ही एका दमात सांगून डॉक्टरांनी घराला तारतम्य दिलं.

एका जागी मात्र पत्र तोकडं पडतं. आहाराबद्दल लिहिलंय, ‘दादांना अंडी, डाळ, शेंगदाणे द्या.’ फक्त दादांना. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राशन्स या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांनाही शिधा दिला गेला. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. ज्या घरात एकच मिळवता हात आहे आणि तोच कामावरून घरी बसला आहे, तिथे बायको आपल्या वाट्याचं अंडं नवऱ्याच्या ताटात सरकवणार हे उघड आहे. तिच्यासाठी एक ओळ हवी होती. सरकारकडून रुग्णाच्या खात्यावर पोषणासाठी दरमहा हजार रुपये येतात, त्याचाही उल्लेख हवा होता.

एरवी या पत्रात मला काढावंसं वाटणारं वाक्य सापडत नाही. ‘काळजी करू नका’ हे वाक्य त्यात कुठेच नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

दवाखान्यात आजाराचं नाव ऐकलं की पुढचं काही कानात शिरत नाही, हे क्षयाचे रुग्ण पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. त्यांना माझी विनंती आहे की छापील पत्रक द्याच, पण सोबत एक पान स्वतः लिहा. त्यात त्या घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं वय असू द्या, खिडकी कोणत्या बाजूला आहे ते असू द्या, आणि ताट वेगळं करू नका हे अगदी वर असू द्या.