तोडलेल्या वृक्षाची विलापिका

रस्तारुंदीकरणात गेलेल्या वृक्षावरची वाचकांच्या सदरातील कविता समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. तिच्यापुढील पेच मात्र अस्सल वाङ्मयीन आहे. तिचा वाचक त्याच रस्त्याने रोज जाणारा असतो. त्याने ते झाड पाहिलेले असते आणि आता ती रिकामी जागाही पाहिलेली असते. त्यामुळे झाडाचे वर्णन त्याला अनावश्यक वाटते आणि त्याचा गौरव पोकळ वाटतो.

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स याने ऑक्सफर्डजवळच्या बिन्झी येथील पॉपलर वृक्ष तोडले गेल्यावर 1879मध्ये लिहिलेली कविता येथे तुलनेस घेता येईल. मागाहून येणाऱ्यांना हरपलेल्या सौंदर्याची कल्पनाही येणार नाही, हे तिचे दुःख. ती ग्रंथात आली 1918मध्ये, म्हणजे ती वाचली ती खरोखर मागाहून आलेल्यांनीच. सदरातील कवीला हे कालांतर मिळत नाही. त्याची कविता घाव ताजा असतानाच वाचली जाते. म्हणून ती विलाप सोडून निवेदनाकडे झुकते. अधिकाऱ्यांना जाब विचारते, ‘विकास’ या शब्दाला खलनायक करते आणि झाडाला ऋषी वा माउली म्हणते. त्या झाडाच्या जागी दुसरे कोणतेही झाड ठेवले तरी कविता बदलत नसेल, तर तिने त्या झाडाचा शोक केलेलाच नाही, असे समजावे.

सांगली जिल्ह्यातील भोसे येथील वडाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा हा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. 2020मध्ये लोकांच्या विरोधामुळे मार्गाची आखणी बदलली आणि तो वाचला. पुढे 2022मध्ये तो उन्मळून पडला. ‘तोडू नका’ एवढेच म्हणणारी कविता 2020मध्येच कृतार्थ होऊन संपली असती. वडाच्या पारंब्या, त्याखालची सावली आणि तेथे टेकणारी माणसे यांना शब्द देणारी कविता 2022नंतरही वाचता आली असती. निवेदनाचे आयुष्य निर्णयापुरते असते, तर विलापिकेचे आयुष्य निर्णयानंतर सुरू होते.

जबलपूरच्या अधारतालचे नावच हा धडा देते. राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह आणि त्याचे तळे या नावातून रोज उच्चारले जातात. रस्त्याकडेच्या झाडाला असे नाव क्वचितच मिळते. लोक ‘वडापाशी उतरा’ म्हणतात आणि झाड गेल्यावर काही वर्षांनी तेही थांबते. सदरातील कवीने हा बोलीतला पत्ता, तो मोडण्यापूर्वी, ओळीत बांधून ठेवावा. शेजाऱ्यांना माहीत असलेले तपशील त्याला आज अनावश्यक वाटतात. पण वृत्तपत्राचे ते कात्रण पुढे एखाद्या अनोळखी वाचकाच्या हाती येते, तेव्हा झाडाचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.