ट्रॅकरची कमाई कोण खातं?

'ड्युअल-अ‍ॅक्सिस ट्रॅकरने ३० टक्के जास्त ऊर्जा' असं रिपोर्टमध्ये वाचलंत की आधी विचारा, कशापेक्षा जास्त? नांदेड-लातूरला तुलना दक्षिणेकडे १८-१९ अंश कललेल्या स्थिर पॅनेलशी हवी, सपाट ठेवलेल्याशी नाही.

समजा १० वॅटचं पॅनेल स्वच्छ दिवशी ५० वॅट-तास देतं. ३० टक्के म्हणजे १५. पण अर्डुइनो उनो आणि दोन सर्व्हो नुसते बसूनही साधारण ७० मिलीअँपिअर घेतात. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून लिनिअर रेग्युलेटर लावला, तर २४ तासांत २० वॅट-तास गेले. म्हणजे तोटाच!

मोठ्या पॅनेलला हा खर्च किरकोळ. पण तिथेही बहुतेक फायदा पूर्व-पश्चिम फिरवणारी एकच मोटर देते. आणि पावसाळ्यात ढगांमुळे सगळ्या एलडीआरवर सारखाच उजेड पडतो, मोटरी उगाच हलत राहतात. रिपोर्टमध्ये ऑगस्टची रीडिंग्ज आहेत का, तेवढं बघा.