देठापासून वाचायचं फूल

वेधशाळेच्या अहवालात किंवा पर्यावरणाच्या एखाद्या दाखल्यात मधेच एक गोल चित्र भेटतं. मध्यभागी छोटं वर्तुळ, त्यातून चहूकडे फुटलेल्या लांबआखूड पाकळ्या, प्रत्येक पाकळीवर फिक्यापासून गडदपर्यंत रंगांचे पट्टे. याला विंड रोझ म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा गुलाब. बहुतेक वाचक तिथे क्षणभर थांबतात, सर्वांत लांब पाकळी पाहतात आणि पान उलटतात. हे चित्र फसवतं ते नेमकं त्या क्षणात.

आमच्या उपनगरातल्या सोसायटीत ओल्या कचऱ्याच्या खताची शेड बांधायची होती. शेड कोणत्या कोपऱ्यात असावी यावर सभा भरली. कोणीतरी परिसराच्या एका जुन्या अहवालातलं विंड रोझ आणलं होतं. वर्षभराचं एकच चित्र, आणि सर्वांत मोठी पाकळी पश्चिमेला. सेक्रेटरी म्हणाले, "वारा पश्चिमेकडे जातो. शेड पश्चिमेच्या कोपऱ्यात बांधू, वास बाहेरच्या बाहेर जाईल." माना डोलल्या.

पश्चिमेला काढलेली पाकळी म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. पाकळी बाणासारखी दिसते म्हणून डोळा तिला बाहेर जाऊ देतो, पण वाचायची ती टोकाकडून देठाकडे. मध्यबिंदूशी तुम्ही उभे आहात आणि वारा पाकळीवरून चालत तुमच्याकडे येतो आहे, असं धरायचं. खरं तर मराठी माणसाने इथे चुकायला नको. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात हे आपण शाळेतच शिकतो, आणि 'पश्चिमेचा वारा' म्हणताना तो पश्चिमेहून आलेला वारा असंच आपल्या मनात असतं. बोलताना बरोबर असलेली ही दिशा चित्र समोर आलं की उलटते. सेक्रेटरींच्या योजनेत शेडचा वास वर्षातला बराच काळ थेट आमच्या खिडक्यांवर आला असता.

दिशेनंतर लांबी. पाकळीची लांबी वाऱ्याचा जोर सांगत नाही, तो वारा किती वेळा आला ते सांगते. जोर रंगांच्या पट्ट्यांत असतो. हे नीट कळायला एक फूल पाकळीपाकळीने उलगडून पाहू. मुंबईचा जानेवारी घेऊ, सकाळी साडेआठची नोंद. भारतीय हवामान विभागाच्या मुख्य निरीक्षणांच्या दोन वेळा आहेत, सकाळी 8.30 आणि संध्याकाळी 5.30. दहा वर्षांचे जानेवारी धरले तर 310 सकाळी होतात. पुढचे आकडे समजुतीसाठी मी घेतलेले गोल आकडे आहेत, फुलाचा घाट मात्र मुंबईचाच आहे.

पूर्वेची पाकळी 20 टक्क्यांच्या वर्तुळापर्यंत पोचली आहे असं समजा. म्हणजे 310 पैकी 62 सकाळी वारा पूर्वेकडून आला. या पाकळीतला देठाजवळचा फिका पट्टा ताशी 1 ते 5 किलोमीटरचा, आणि त्यात 50 सकाळी बसतात. उरलेल्या 12 सकाळी पुढच्या, 6 ते 11 किलोमीटरच्या पट्ट्यात. त्यापुढे रंगच नाही. ईशान्य आणि उत्तरेच्या पाकळ्याही अशाच फिक्या. मधल्या वर्तुळात 25 लिहिलंय. म्हणजे साधारण 78 सकाळी वारा इतका पडलेला होता की त्याला दिशाच देता आली नाही. हे फूल म्हणजे मतलई वाऱ्याचं चित्र आहे. रात्रभर जमीन समुद्रापेक्षा जास्त थंड झाली, गार हवा हळूहळू समुद्राकडे सरकू लागली, आणि सकाळी साडेआठलाही तिचं ते सरकणं पुरतं थांबलेलं नाही.

आता त्याच महिन्याचं संध्याकाळचं फूल शेजारी ठेवा. पूर्वेकडची बाजू जवळजवळ रिकामी झाली आहे आणि वायव्येला एकच जाडजूड पाकळी उमलली आहे. ती 45 टक्क्यांपर्यंत जाते असं धरू, म्हणजे साधारण 140 संध्याकाळी. त्यांतल्या 40 मध्ये वारा 6 ते 11 किलोमीटरचा, 90 मध्ये 12 ते 19 चा, आणि 10 संध्याकाळी त्याहून जोरदार. मधल्या वर्तुळातला आकडा अगदी लहान. हे खारे वारे. दुपारी तापलेल्या जमिनीने समुद्रावरची हवा ओढून घेतली आहे. जागा तीच, महिना तोच, मधे फक्त नऊ तास. तरी ही दोन फुलं एका झाडाची वाटत नाहीत.

म्हणून वर्षभराचं एकच विंड रोझ समोर आलं की मी सावध होतो. त्यात जानेवारीची सकाळ, जानेवारीची संध्याकाळ आणि जुलै एकावर एक छापलेले असतात. मुंबईत जुलैचं फूल पश्चिम आणि नैर्ऋत्येकडेच झुकलेलं असतं, सकाळी आणि संध्याकाळीही, आणि त्याच्या पाकळ्या गडद असतात. चार महिन्यांच्या पावसाळ्यातल्या त्या गडद पाकळ्यांखाली हिवाळी सकाळच्या फिक्या पाकळ्या दबून जातात. तरी विंड रोझ निदान पाकळ्या वेगळ्या ठेवतं. याऐवजी कोणी दिशेसकट सरासरी काढली तर आणखी पंचाईत. सकाळी पूर्वेकडून ताशी सहा किलोमीटर आणि संध्याकाळी पश्चिमेकडून ताशी सहा किलोमीटर, यांची बेरीज शून्य येते. कागदावर वारा नाही, आणि दोन्ही वेळा गॅलरीतले कपडे हलत होते.

या चित्राच्या रेखाटनातही दोन खोडी आहेत. पहिली क्षेत्रफळाची. पाकळी पंख्यासारखी बाहेर रुंदावत गेलेली असेल तर सारख्याच टक्क्यांचे दोन पट्टे सारखे दिसत नाहीत. मध्यापासून 10 टक्क्यांपर्यंतचा पट्टा आणि 10 ते 20 टक्क्यांचा पट्टा, दोघांत नोंदी तितक्याच, पण बाहेरच्याचं क्षेत्रफळ आतल्याच्या तिप्पट. आणि बाहेरचा पट्टा नेहमी जोरदार वाऱ्याचा, त्यातही गडद. त्यामुळे अशा विंड रोझमधला वारा असतो त्यापेक्षा जोराचा वाटतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1858 मध्ये सैनिकांच्या मृत्यूंची जी प्रसिद्ध गोल चित्रं छापली, त्यांत तिने क्षेत्रफळच मोजायचं असं ठरवून आराखडा केला होता. विंड रोझमध्ये मात्र मोजायची ती लांबी. म्हणून बोट ठेवून वर्तुळं मोजावीत, डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नये.

दुसरी खोडी अधिक गमतीची. काही फुलांत उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम या चारही पाकळ्या शेजारणींपेक्षा लांब दिसतात, जणू वाऱ्याला मुख्य दिशांचीच आवड आहे. कारण बहुतेक वेळा नोंदवहीत सापडतं. वाऱ्याची दिशा पुष्कळदा दहा दहा अंशांनी लिहितात, म्हणजे 36 शक्यता. चित्रात पाकळ्या मात्र 16, प्रत्येकीच्या वाट्याला साडेबावीस अंश. आता वाटणी करून पाहा. पूर्वेच्या पाकळीत 80, 90 आणि 100 असे तीन आकडे पडतात. तिच्या शेजारच्या, पूर्व आणि ईशान्य यांच्या मधल्या पाकळीत 60 आणि 70 असे दोनच. ईशान्येतही 40 आणि 50 असे दोनच. चार मुख्य दिशांना तीन तीन, बाकीच्या बाराजणींना दोन दोन, मिळून 36. वारा सगळीकडून अगदी सारखा वाहिला तरी मुख्य पाकळ्या दीडपट लांब होणार. फुलाच्या पोटात असं अधिकचं चिन्ह दिसलं की वाऱ्यावर निष्कर्ष काढण्याआधी नोंदी कशा घेतल्या ते विचारावं. पाकळ्या 12 किंवा 36 केल्या की वाटणी सारखी होते आणि ते चिन्ह नाहीसं होतं.

एवढं समजल्यावर मुख्य प्रश्न उरतो, पाकळीचा कोणता भाग आपल्या कामाचा? याचं उत्तर वाचणाऱ्याप्रमाणे बदलतं. साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथला अभियंता पाकळीचं टोक पाहील. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. त्याला थोडेसे गडद तासही पुष्कळ देऊन जातात, आणि फिका भाग त्याने सोडून दिला तरी फारसं बिघडत नाही. वासाचा आणि धुराचा विचार करणाऱ्याने बरोबर उलटं वाचायचं. वारा जोरात असेल तर वास विरळ होऊन निघून जातो. वारा निम्मा झाला की त्याच शेडचा वास ढोबळमानाने दुप्पट दाट होतो. म्हणून त्याच्या दृष्टीने देठाजवळचा फिका पट्टा आणि मधल्या वर्तुळातला आकडा सर्वांत महत्त्वाचा.

सभेत मी जानेवारी सकाळ, जानेवारी संध्याकाळ आणि जुलै अशी तीन चित्रं मांडली. पश्चिमेचा कोपरा जुलैने बाद केला. मग कोणीतरी म्हणालं, "बरं, मग पूर्वेला बांधा." तो कोपरा जानेवारीच्या सकाळने बाद केला. पूर्वेची ती पाकळी लांबीने साधीच होती, पण सगळी फिकी. तिच्यावरून वास सावकाश आणि दाट येणार, आणि तोही लोक खिडक्या उघडतात त्या वेळी. आग्नेयेची पाकळी तिन्ही चित्रांत सर्वांत आखूड होती, म्हणून शेड आग्नेयेच्या कोपऱ्यात गेली.

मधल्या वर्तुळाचं मात्र कोपरा बदलून काही होत नव्हतं. वारा पडलेला असताना वास कुठेच जात नाही, शेडभोवतीच साचतो. तिथे उपाय वेळेचा होता. खताचा ढीग सकाळी आठला उलटायचं ठरलं होतं, ते दुपारी चारवर नेलं. त्या वेळी खारा वारा वायव्येकडून येतो आणि आग्नेयेच्या कोपऱ्यातला वास कुंपणाबाहेरच्या मोकळ्या जागेकडे घेऊन जातो. ही वेळ आम्हाला कोणत्याही पाकळीने सुचवली नाही, मधल्या वर्तुळातल्या आकड्याने सुचवली.

पुढे कधी विंड रोझ समोर आलं तर लांब पाकळीकडे धावू नका. चित्र कोणत्या महिन्याचं आणि किती वाजताचं ते आधी पाहा, मग मधल्या वर्तुळातला आकडा वाचा, आणि तिथून बाहेर निघा.