शून्य आणि रिक्त : डॅशबोर्डवरील शेकडा बदलाच्या टाइलची चिकित्सा

प्रस्तावना :
'मागील महिन्याच्या तुलनेत बदल' दर्शविणारी टाइल आता महाविद्यालयीन अहवालांतही दिसू लागली आहे. शेकडा बदल काढताना मागील संख्या छेदस्थानी असते. ती शून्य असेल किंवा उपलब्धच नसेल, तर उत्तर संभवत नाही. तरीही टाइलवर आकडा उमटतो. तो कसा उमटतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात पॉवर बीआय या प्रणालीच्या आधारे केली आहे.

सूत्रांची चिकित्सा :
समजा, सुट्टीमुळे मे महिन्यात ग्रंथालयातून एकही पुस्तक दिले गेले नाही व जूनमध्ये २४० पुस्तके दिली गेली. बदल काढण्यासाठी पुढील दोन सूत्रे प्रचलित आहेत.

```
DIVIDE([Current], [Previous]) - 1
DIVIDE([Current] - [Previous], [Previous])
```

शालेय बीजगणितात ही दोन्ही सूत्रे एकच होत. येथे मात्र तसे नाही. छेद शून्य किंवा रिक्त असल्यास `DIVIDE` रिक्त मूल्य देते. वजाबाकीत रिक्त मूल्य शून्य मानले जाते. परिणामी पहिले सूत्र उणे १००% दाखविते. म्हणजे शून्यावरून २४० वर गेलेली संख्या पूर्णतः घसरल्याचे वाचकास सांगितले जाते. दुसऱ्या सूत्राची टाइल कोणताही आकडा दाखवीत नाही व ती अधिक प्रामाणिक ठरते. काही जण `DIVIDE` ला तिसरे मूल्य म्हणून ० देतात. मग दुसऱ्या सूत्राची टाइल ०% दाखविते, म्हणजेच 'बदल नाही' असे सुचविते. हेही तितकेच असत्य होय. गुणोत्तराच्या टाइललाही हाच आक्षेप लागू पडतो.

शून्य की अनुपलब्ध ? :
खरी अडचण याहून खोल आहे. व्यवहार झालाच नाही, तर सारणीत ओळच नसते आणि बेरीज रिक्त येते. पहाटेच्या स्वयंचलित रिफ्रेशमध्ये मे महिन्याची माहिती दाखल झाली नाही, तरीही बेरीज रिक्तच येते. रिफ्रेश 'यशस्वी' अशी नोंद दोन्ही वेळी होऊ शकते. त्यामुळे `ISBLANK` ची तपासणी रिक्तता ओळखते, परंतु तिचे कारण सांगू शकत नाही. तसेच महिन्याच्या पहिल्या तारखेस चालू महिन्याची ओळ नसल्याने दोन्ही सूत्रे उणे १००% देतात.

यावर उपाय सूत्रात नसून नोंदीत आहे. कोणत्या महिन्याची माहिती पूर्ण दाखल झाली, याची स्वतंत्र सारणी ठेवावी. महिना दाखल असून ओळी नसतील, तर ते खरे शून्य होय. तेथे टक्केवारी न देता '० वरून २४०' असे लिहावे. महिना दाखल नसेल, तर 'माहिती अपूर्ण' असे लिहावे. चालू महिन्याची तुलना मागील महिन्याच्या तितक्याच दिवसांशी करावी.

निष्कर्ष :
उणे १००% दाखविणारी टाइल खरी घसरण, शून्य आधार आणि अपूर्ण माहिती यांना एकाच चिन्हात गुंडाळते. म्हणून असा आकडा दिसताच मूळ दोन संख्या पाहिल्याशिवाय त्यावर निर्णय घेणे योग्य ठरणार नाही.